उकडलेले अंडे पुन्हा कच्चे का होत नाही? शालेय व्याख्यानासंबंधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मी या विषयावर 25 मिनिटांचे एक व्याख्यान देते. सोबत एक अंडे, परीक्षानळ्या, तापमापी आणि गरम पाण्याची भांडी असतात. व्याख्यानानंतर मुले जे प्रश्न विचारतात आणि हेच व्याख्यान स्वतःच्या वर्गात देऊ इच्छिणारे शिक्षक जे विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

## व्याख्यानाचा मुख्य मुद्दा थोडक्यात काय आहे?

उष्णतेमुळे अंड्यातील प्रथिनांच्या रेणूंची घडी मोडते, हे बहुतेक पुस्तकांत लिहिलेले असते आणि ते बरोबरही आहे. परंतु घडी मोडणे हे बदल कायमचा होण्याचे पूर्ण कारण नाही. अनेक प्रथिने एकेकटी असताना त्यांची मोडलेली घडी थंड झाल्यावर आपोआप पुन्हा बसते. अंड्यामध्ये तसे होत नाही, कारण तेथे रेणूंची विलक्षण दाटी असते आणि उलगडलेला रेणू आपल्या मूळ घडीत परतण्याआधीच शेजारच्या उलगडलेल्या रेणूला चिकटतो. बदल कायमचा होतो तो या शेजारामुळे. माझे सगळे व्याख्यान याच एका गोष्टीभोवती फिरते.

## तूप वितळते आणि पुन्हा थिजते. मग अंड्याचेच असे का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो, आणि तो आला नाही तर मी स्वतः विचारते. तुपातील स्निग्ध पदार्थांचे रेणू प्रथिनांच्या मानाने अगदी लहान असतात. थंडीत ते एकमेकांलगत ओळीने बसतात, उष्णतेने सुटे होतात, पण प्रत्येक रेणू आतून जसा होता तसाच राहतो. त्यामुळे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने ते परत येतात. आपण तुपाला ‘थिजले’ म्हणतो आणि अंड्याला कधीच तसे म्हणत नाही, याकडे मी मुलांचे लक्ष वेधते. तूप थंडीने घट्ट होते, अंडे उष्णतेने. एवढ्या फरकावरूनच आत काहीतरी वेगळे घडत असले पाहिजे, हे कळते.

तुपापेक्षाही चांगली तुलना चायना ग्रासची आहे. ते उकळत्या पाण्यात विरघळते, गार झाल्यावर आळून थरथरती वडी होते आणि पुन्हा चांगले तापवले की पातळ होते. त्यातही लांब साखळ्यांचे जाळे तयार होते आणि त्यात पाणी अडकून राहते, म्हणजे दिसायला ते अंड्याच्या पांढऱ्या भागासारखेच असते. फरक एवढाच की चायना ग्रासच्या साखळ्या केवळ क्षीण बंधांनी धरलेल्या असतात आणि उष्णतेने ते बंध सुटतात. अंड्याचे जाळे मुळात उष्णतेनेच विणलेले असते, त्यामुळे आणखी उष्णता दिली की ते सैल होण्याऐवजी अधिक घट्ट होते.

## कच्च्या पांढऱ्या भागात नेमके काय असते?

वजनाने पाहिले तर सुमारे 88 टक्के पाणी आणि साधारण 10 ते 11 टक्के प्रथिने. उरलेल्या भागात थोडी शर्करा आणि क्षार असतात, स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसतात. प्रथिने अनेक प्रकारची आहेत, पण शाळेच्या व्याख्यानासाठी तीन नावे पुरतात. सर्वांत जास्त असते ते ओव्हाल्ब्युमिन, एकूण प्रथिनांच्या निम्म्याहून थोडे अधिक. दुसरे ओव्होट्रान्सफेरिन, साधारण आठवा हिस्सा. तिसरे लायसोझाइम, जेमतेम 3 ते 4 टक्के, परंतु पुढील गोष्टीत त्याचे काम मोठे आहे.

ओव्हाल्ब्युमिनचा एक रेणू म्हणजे 385 अमिनो आम्लांची एक सलग साखळी. ही साखळी पाण्यात मोकळी तरंगत नसते, तर तिच्या विशिष्ट वळ्या आणि घड्या होऊन एक आटोपशीर गोळा बनलेला असतो. अमिनो आम्लांपैकी काहींना पाणी आवडते, तर काही तेलासारखी पाण्यापासून दूर पळतात. घडी अशी बसते की पाणी टाळणारे बहुतेक भाग आत दडतात आणि पाण्याशी जुळणारे भाग बाहेर राहतात. म्हणूनच इतकी प्रथिने असूनही कच्चा पांढरा भाग पारदर्शक आणि वाहता असतो.

आता दाटी किती असते ते पाहा. अशा एका गोळ्याची रुंदी साधारण 5 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या पाचपट असते. पांढऱ्या भागातील प्रथिनांचे प्रमाण घेऊन हिशेब केला, तर दोन शेजारच्या गोळ्यांमधील मोकळी जागा साधारण एका गोळ्याच्या रुंदीइतकीच निघते. वर्गात मी मुलांना बाके सरकवून एकमेकांपासून एक-एक मुलाचे अंतर सोडून उभे राहायला सांगते आणि मग सर्वांना हात पसरायला सांगते. कोणाचाच हात मोकळा राहत नाही.

## उष्णता नेमके काय तोडते?

साखळीचे दुवे तुटतात असे अनेकांना वाटते, तसे होत नाही. अमिनो आम्ले एकमेकांना जोडणारे पेप्टाइड बंध भक्कम असतात आणि अंडे उकडण्याच्या तापमानाला ते शाबूत राहतात. सुटतात ते घडी धरून ठेवणारे क्षीण बंध. त्यांतील प्रत्येक बंध एकटा दुबळा असतो, पण शेकडो मिळून घडी टिकवतात. तापमान वाढले की साखळीची हालचाल वाढते, काही बंध सुटतात, त्यांनी धरलेले शेजारचे बंध एकटे पडतात आणि मग तेही सुटतात. म्हणून घडी हळूहळू ढिली न होता तापमानाच्या एका अरुंद पट्ट्यात जवळजवळ एकदमच उलगडते. हा पट्टा प्रत्येक प्रथिनाचा वेगळा असतो: ओव्होट्रान्सफेरिन 61 ते 62 अंश सेल्सिअसच्या आसपास उलगडू लागते, तर ओव्हाल्ब्युमिन 80 अंशांच्या आसपास. पांढरा भाग एका झटक्यात न होता टप्प्याटप्प्याने घट्ट होतो, त्याचे कारण हे आहे.

घडी उलगडणे म्हणजे साखळी तुटणे नव्हे, ही कल्पना चीनमधील जीवरसायनशास्त्रज्ञ श्येन वू यांनी 1931 साली स्पष्टपणे मांडली. त्या काळी प्रथिनांची रचना प्रत्यक्ष पाहण्याचे साधन नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या विचाराची झेप कळते.

मुलांना मी साडीचे उदाहरण देते. कपाटात आठ साड्या व्यवस्थित घडी करून ठेवलेल्या आहेत. त्या सगळ्या एकदम धुण्याच्या यंत्रात टाकून फिरवल्या की बाहेर काढताना एकच पिळलेला गुंता हाती येतो. एकही साडी फाटलेली नसते, एकही धागा तुटलेला नसतो, तरी एक साडी ओढली की आठही येतात. हे उदाहरण कोठे अपुरे पडते तेही मुलांना सांगावे, असे मला वाटते. साडीची घडी आपण आपल्या हातांनी घालतो, तर प्रथिनाची घडी कोणी घालत नाही, ती आपोआप बसते. पुढचा प्रश्न नेमका येथूनच निघतो.

## घडी आपोआप बसत असेल, तर थंड केल्यावर ती पुन्हा का बसत नाही?

या प्रश्नासाठी मी व्याख्यानातील सर्वांत जास्त वेळ राखून ठेवते.

अमेरिकेतील ख्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाच्या विकरावर केलेले प्रयोग येथे सांगावे लागतात. या विकराच्या साखळीत 124 अमिनो आम्ले असतात आणि तिच्यातील आठ ठिकाणचे गंधकाचे अणू जोड्याजोड्यांनी चार डायसल्फाइड बंध तयार करतात. अँफिन्सन यांनी युरिया वापरून घडी उलगडली आणि दुसऱ्या एका रसायनाने ते चारही बंध सोडवले. विकराचे काम पूर्ण थांबले. मग दोन्ही रसायने काढून टाकली, तेव्हा साखळीची घडी पुन्हा बसली, योग्य जोड्या पुन्हा जुळल्या आणि विकर जवळजवळ पहिल्यासारखे काम करू लागले. घडी कशी असावी याची सूचना साखळीतील अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, हे यावरून दिसून आले. या कामासाठी त्यांना 1972 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पण त्याच प्रयोगांचा दुसरा भाग आपल्या अंड्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. युरिया तसाच ठेवून, म्हणजे साखळी उलगडलेली असतानाच, गंधकाचे बंध पुन्हा जुळू दिले, तर भलत्याच जोड्या जुळल्या आणि विकर जवळजवळ निकामी राहिले. आठ गंधकांच्या जोड्या लावण्याचे 105 मार्ग आहेत आणि त्यांतील एकच बरोबर आहे. चुकीच्या जोड्या एकदा पक्क्या झाल्या की साखळीला परतीची वाट सापडणे कठीण होते.

आता अंड्याकडे वळू. त्यातील लायसोझाइम वेगळे काढून, सौम्य आम्लधर्मी आणि विरळ द्रावणात ठेवून तापवले, तर ते 75 अंशांच्या आसपास उलगडते आणि थंड केल्यावर त्याचा बराच भाग पुन्हा घडीत येऊन काम करू लागतो. तेच लायसोझाइम अंड्यात असताना तापवले तर परत येत नाही. रेणू तोच आणि तापमानही तेच असताना फरक पडतो तो शेजाराचा आणि भोवतालच्या द्रावणाचा. ताज्या अंड्याचा पांढरा भाग मुळातच किंचित अल्कधर्मी असतो आणि कवचातून कार्बन डायऑक्साइड निसटत गेल्याने तो आणखी अल्कधर्मी होतो, ही स्थिती लायसोझाइमला परतायला सोयीची नाही. पण मोठा अडथळा दाटीचाच असतो.

उलगडलेल्या साखळीचे पाणी टाळणारे भाग उघडे पडतात. पाण्यात त्यांना स्थैर्य नसते, त्यामुळे ते दुसऱ्या तशाच भागाशी बिलगू पाहतात. विरळ द्रावणात जवळ कोणी नसते, म्हणून साखळीला स्वतःच्याच दुसऱ्या भागाशी बिलगावे लागते, आणि तीच तिची घडी. अंड्यात मात्र शेजारची उलगडलेली साखळी हातभर अंतरावरही नसते, ती आधी भेटते. दोघींना तिसरी भेटते आणि बघता बघता जाळे तयार होते.

त्यानंतर गंधक आपले काम करतो. ओव्हाल्ब्युमिनमध्ये गंधक असलेली सहा सिस्टीन अमिनो आम्ले असतात. त्यांतील दोन एकमेकांना जोडलेली असतात आणि चार मोकळी, पण घडीच्या आत दडलेली असतात. घडी उलगडली की ही चार बाहेर येतात आणि शेजारच्या रेणूंतील डायसल्फाइड बंधांवर चाल करून जोडीदार बदलतात. आधी केवळ बिलगलेल्या साखळ्या आता खऱ्या सहसंयुज बंधांनी शिवल्या जातात. असे बंध नुसत्या थंडीने सुटत नाहीत. एकदा एका मुलीने विचारले होते, “बाई, मग फ्रीजमध्ये महिनाभर ठेवले तर?” उत्तर तेच आहे: थंडीमुळे हालचाल कमी होते, आणि गुंता सुटण्यासाठी हालचालच लागते.

## वर्गात हे कसे दाखवावे?

एका अंड्याचा पांढरा भाग 30 मिलिलिटरच्या आसपास भरतो, आणि तेवढा पुरतो. त्यात दाट आणि पातळ असे दोन थर असतात, ते एकजीव व्हावेत म्हणून तो मलमलच्या कापडातून हलकेच पिळून गाळून घ्यावा. फेटू नये. चार परीक्षानळ्यांत प्रत्येकी 5 मिलिलिटर घ्यावा आणि चार भांड्यांतील पाणी अनुक्रमे 58, 65, 73 आणि 88 अंशांवर ठेवावे. प्रत्येक नळी आपापल्या पाण्यात 10 मिनिटे उभी ठेवावी.

58 अंशांची नळी बाहेर काढून तिरकी केली की पांढरा भाग पूर्वीसारखाच वाहतो, फार तर किंचित धूसर दिसतो. 65 अंशांच्या नळीतील भाग दुधट आणि लपथपीत झालेला असतो, नळी आडवी केली की तो काचेवरून सावकाश सरकतो. येथे मुख्यतः ओव्होट्रान्सफेरिनने जाळे धरलेले असते. 73 अंशांना तो पांढरा होऊन थरथरतो, पण सांडत नाही. 88 अंशांना ओव्हाल्ब्युमिनही सामील झालेले असते आणि नळी उलटी केली तरी सगळा भाग घट्ट बसून राहतो. 88 अंशांची नळी पाण्यात घातल्यावर पहिली दोन मिनिटे मुलांना जवळून पाहू द्यावीत: पांढरेपणा आधी काचेलगत कड्यासारखा उमटतो, मधला भाग काही काळ स्वच्छ राहतो, आणि मग ते कडे आत आत मिटत जाते. तापमान बाहेरून आत पोहोचत असल्याचे एवढे स्पष्ट चित्र दुसऱ्या कोणत्याही प्रयोगात मी पाहिलेले नाही.

मग चारही नळ्या बर्फाच्या पाण्यात ठेवाव्यात. 10 मिनिटांनी काहीही बदललेले नसते. त्याच वेळी चायना ग्रासची एक गार झालेली नळी उकळत्या पाण्यात घालून ती पुन्हा पातळ होताना दाखवावी.

दाटीचा मुद्दा दाखवण्यासाठी पाचवी नळी लागते. गाळलेल्या पांढऱ्या भागाचा एक वाटा आणि पाण्याचे वीस वाटे घ्यावेत, त्यात चिमूटभर मीठ घालून पुन्हा गाळावे आणि हे मिश्रण 88 अंशांच्या पाण्यात ठेवावे. ते ताकाच्या निवळीसारखे गढूळ होते, पण घट्ट होत नाही. रेणू उलगडले, जवळच्या काहींना चिकटून छोटे पुंजके झाले, परंतु संपूर्ण नळीभर जाळे पसरण्याइतके शेजारी मिळाले नाहीत.

## प्रयोग फसतो तो कशामुळे?

बहुतेक वेळा तापमापीमुळे. एका शाळेत माझी 65 अंशांची नळी दगडासारखी घट्ट निघाली आणि मी मुलांसमोर सांगितलेले सगळे खोटे ठरले. नंतर तपासले तेव्हा तेथील तापमापी कित्येक अंश कमी दाखवत असल्याचे कळले. तेव्हापासून मी तापमापी आधी कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवते का, हे पाहिल्याशिवाय वापरत नाही. तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकलेला असला तरीही फसगत होते, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो.

दुसरे कारण म्हणजे घाई. नळीत जास्त भाग घेतला तर मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो आणि 73 अंशांची नळी आतून कच्ची राहते. असे झाले की मुले ‘प्रथिन उलगडलेच नाही’ असा निष्कर्ष काढतात, तो दुरुस्त करणे शिक्षकाचे काम आहे. अंड्याचे वयही थोडा फरक पाडते, कारण साठवणीत ओव्हाल्ब्युमिनचा काही भाग उष्णतेला अधिक दाद न देणाऱ्या रूपात बदलतो. म्हणून सर्व नळ्यांसाठी एकच अंडे वापरावे.

## घट्ट झाल्यावर तो पांढरा का दिसतो?

5 नॅनोमीटरचे सुटे गोळे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके लहान असतात की प्रकाश जवळजवळ सरळ पार जातो. जाळ्यातील पुंजके प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुलना होईल इतके मोठे असतात, त्यामुळे प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. पांढरा रंग नव्याने तयार झालेला नसतो.

## त्यातील पाणी कोठे जाते?

कोठेही जात नाही. कवचासह उकडलेल्या अंड्याचे वजन आधी आणि नंतर करून पाहावे, फरक नगण्य येतो. पाणी जाळ्याच्या छिद्रांत अडकलेले असते. अंडे फार वेळ उकळत ठेवले तर जाळे आकसते आणि पांढरा भाग रबरासारखा चिवट लागतो.

## पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे येते, तेही याच बदलामुळे का?

संबंध आहे. पांढऱ्या भागातील प्रथिने फार तापली की त्यांतील गंधकापासून थोडा हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो. तो बलकातील लोहाशी संयोग पावून आयर्न सल्फाइड तयार होते. अंडे वेळेवर उतरवून लगेच थंड पाण्यात घातले तर हे कडे सहसा येत नाही.

## प्रथिने बदलली म्हणजे अंड्याचे पोषण कमी झाले का?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. उत्तर उलट आहे. साखळीतील अमिनो आम्ले तशीच राहतात, आणि उलगडलेली साखळी आपल्या पाचक विकरांना अधिक सहज कापता येते. बेल्जियममधील संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील प्रथिनांपैकी सुमारे 90 टक्के लहान आतड्यात पचल्याचे आणि कच्च्यातील जेमतेम निम्मी पचल्याचे आढळले. ज्याला आपण बिघडलेली घडी म्हणतो ती पोटाला सोयीची ठरते. शिवाय कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो, म्हणून प्रयोगानंतर मुलांनी हात साबणाने धुतलेच पाहिजेत.

## उष्णता न देता असा बदल घडवता येतो का?

येतो. बशीत थोडा कच्चा पांढरा भाग घेऊन त्यावर स्पिरिट ओतले, तर तो काही क्षणांत पांढरा होऊन आळू लागतो. अल्कोहोलमुळे भोवतालच्या पाण्याचे गुणधर्म बदलतात आणि पाणी टाळणाऱ्या भागांना आत दडून राहण्याचे कारण उरत नाही. हे शिक्षकाने स्वतः करावे, जवळ कोणतीही ज्योत नसावी आणि तो पदार्थ फेकून द्यावा. दाखवण्यास हा प्रयोग फार उपयोगी आहे, कारण मुलांच्या मनातील ‘शिजणे म्हणजे तापणे’ हे समीकरण त्याने मोडते.

उलट, पाणी उकळत असणेही आवश्यक नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे, तेथे पाणी 95 ते 96 अंशांनाच उकळते, तरी अंडे व्यवस्थित शिजते, फक्त थोडा जास्त वेळ लागतो. अंड्याला 100 अंशांची गरजच नसते.

## अंडे ‘उलटे उकडून’ दाखवल्याची बातमी वाचली होती. ती खोटी होती का?

बातमी खरी होती, पण मथळ्यांनी तिला फार ताणले. 2015 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील ग्रेगरी वाइस आणि ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाचे कॉलिन रॅस्टन यांच्या गटांनी हे काम प्रसिद्ध केले. त्यांनी अंड्याचा पांढरा भाग 90 अंशांना 20 मिनिटे शिजवला, मग युरिया घालून घट्ट झालेले जाळे विरघळवले. या टप्प्याला साखळ्या सुट्या होतात, पण उलगडलेल्याच असतात. नंतर हे द्रावण वेगाने फिरणाऱ्या नळीत घातले. नळीच्या भिंतीवर त्याचा पातळ थर पसरतो आणि थरांच्या परस्पर घसरण्याने साखळ्यांवर असा ताण येतो की त्या एकमेकींपासून सुटून आपापली घडी घालू शकतात. अशा रीतीने त्यांनी लायसोझाइम कार्यक्षम स्थितीत परत मिळवले, आणि तेही काही मिनिटांत.

म्हणजे परत आले ते एक प्रथिन, पांढऱ्या भागाचा एक लहान हिस्सा. वाहता, पारदर्शक, कवचात भरता येईल असा कच्चा पांढरा भाग मिळाला नाही. तरीही हे काम मला व्याख्यानात सांगावेसे वाटते, कारण त्यातून आपला मुद्दा पक्का होतो: साखळीने आपली घडी विसरलेली नव्हती, तिला फक्त शेजाऱ्यांच्या तावडीतून सोडवायचे होते. ‘कायमचा बदल’ या शब्दांचा अर्थ ‘अशक्य’ असा नसून ‘तापवणे थांबवले किंवा थंड केले तरी आपोआप न परतणारा’ असा घ्यावा, हेही मुलांना येथेच सांगता येते.

## आमच्या शाळेत अंडे चालत नाही. दुसरा पदार्थ आहे का?

खरवस. गाय किंवा म्हैस व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात, उष्णतेने उलगडून जाळे करणारी प्रथिने नेहमीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून चीक नुसता वाफवला की वडी पडते, आणि साधे दूध कितीही उकळले तरी पडत नाही. दाटीचा मुद्दा येथे वेगळा प्रयोग न करताच सिद्ध होतो: चिकात साधे दूध वाढवत गेले की खरवस मऊ होत जातो आणि एका टप्प्यानंतर आळतच नाही. ज्या घरांत खरवस होतो त्या घरांतील मुलांना हे आजीकडून आधीच माहीत असते.

मात्र चिकाचाच खरवस घ्यावा. चीक मिळत नाही म्हणून चायना ग्रास घालून केलेली वडी दिसायला तशीच असते, पण तिचा तुकडा उकळत्या पाण्यात धरला की विरघळू लागतो. चिकाच्या खरवसाचा तुकडा तसाच राहतो. दोन्ही मिळाले तर शेजारी शेजारी ठेवून हा फरक जरूर दाखवावा.

## नळ्या आणि भांडी कशी धुवावीत?

कच्चा पांढरा भाग लागलेले भांडे आधी थंड पाण्याने धुवावे. गरम पाणी ओतले तर त्याचा पातळ थर काचेवरच शिजतो आणि मग घासूनही लवकर निघत नाही. घट्ट झालेला भाग असलेल्या नळ्यांत धुण्याच्या सोड्याचे कोमट पाणी भरून त्या रात्रभर ठेवाव्यात आणि सकाळी नळीच्या ब्रशने घासाव्यात.